लॅप सहा इंचाचा, पण उंची अर्ध्या इंचाची: पत्र्याची शेड मधल्या जोडावर का गळते

प्रश्न: चिपळूणजवळ घराच्या गच्चीवर गेल्या उन्हाळ्यात शेड केली. ट्रॅपेझॉइडल कलरकोटेड पत्रा, ०.५० मिमी. उताराच्या दिशेने २८ फूट, रुंदी ४० फूट, उतार एकाच बाजूला, पश्चिमेकडे. वरची बाजू खालच्यापेक्षा अडीच फूट उंच आहे. उतारात दोन पत्रे जोडलेत, मी स्वतः मोजलं, ६ इंच लॅप आहे, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर तेवढा चढलाय. तरी जोराच्या पावसात मधल्या पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधाराच्या, रेषेत आडवं ठिबकतं आणि वारा असला की दोनचार उभ्या रेषांतून पण येतं. सिलिकॉन दोनदा मारून झालं. फॅब्रिकेटर म्हणतो वरून डांबरी शीट टाकू. टाकू का?

उत्तर:

डांबरी शीट टाकू नका, थांबा जरा. आणि फॅब्रिकेटरशी भांडायच्या आधी हे वाचा, कारण त्याने सहा इंच लॅप दिलाय हे खरं आहे, आणि तरी गळतंय हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं ते कळलं की उपाय आपोआप कळतो. मी गेली बावीस वर्षं रत्नागिरी आणि रायगडात पत्र्याचीच कामं करतोय, आणि गळतीच्या ज्या तक्रारी येतात त्यात फाटका पत्रा क्वचित निघतो, बहुतेक वेळा जोडच निघतो.

आधी उतार बघा. २८ फुटात अडीच फूट म्हणजे साधारण ५ अंश. स्क्रूने बसवायच्या असल्या पत्र्याला बहुतेक ठिकाणी हीच खालची हद्द धरतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. आता लॅप आपण मोजतो पत्र्यावर टेप ठेवून, उताराच्या बाजूने. पण पाण्याला आत घुसायचं तर त्याला चढावी लागते ती उभी उंची. तुमच्या उताराला सहा इंच वर गेलं की उंची किती वाढते? २८ फुटाला अडीच, तर सहा इंचाला साधारण अर्धा इंच, १३ मिमी. बस. तुमच्या खालच्या पत्र्याचा वरचा काठ वरच्या पत्र्याच्या खालच्या काठापेक्षा फक्त १३ मिमी उंच आहे. तेवढं पाणी चढलं की ते खालच्या पत्र्याचा काठ ओलांडून आत पर्लिनवर पडतं. हाच सहा इंच लॅप जर २८ फुटाला ७ फूट उताराच्या छपरावर असता तर ही उंची दीड इंचाच्या जवळ गेली असती, तिप्पट. लॅप तोच, पत्रा तोच, माणूसही तोच, पण एक छप्पर गळतं आणि एक गळत नाही.

मग पाणी १३ मिमी चढतं कसं, ते तर खाली वाहतं ना, असं तुम्ही म्हणाल. दोन गोष्टी त्याला चढवतात. एक म्हणजे दोन पत्र्यांमधली फट. दोन पत्रे एकमेकांवर सपाट चिकटून बसले की मधे कागदाएवढी फट राहते आणि अशा फटीत पाणी स्वतःहून वर ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. फट जितकी बारीक तितकं जास्त चढतं. काचेसारख्या स्वच्छ पृष्ठभागात ०.२ मिमीच्या फटीत पाणी ७० मिमीपर्यंत चढू शकतं. रंगवलेल्या पत्र्यावर ते बरंच कमी असतं पण १३ मिमीला भारी पडायला तेवढं पुरतं, कारण पत्र्यावर धूळ आणि शेवाळ आलं की तो आणखी ओल धरतो. म्हणूनच पहिल्या पावसाळ्यात न गळलेली शेड दुसऱ्या पावसाळ्यात गळायला लागते आणि मालक म्हणतो गेल्या वर्षी तर ठीक होतं.

दुसरं म्हणजे वारा. आपल्याकडे झड येते पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून, आणि तुमचा उतार पश्चिमेला आहे म्हणजे मधल्या लॅपचं तोंड बरोबर वाऱ्याकडे उघडं आहे. ताशी ५०-५५ किमीचा झोत समोरून अडला की जो दाब तयार होतो तो साधारण १४ मिमी पाण्याच्या उंचीएवढा असतो. छपरावर प्रत्येक जागी हा पूर्ण दाब लागत नाही, कमीजास्त होतो, पण तुमच्याकडे अडवायला आहे १३ मिमी. जुलैत चिपळुणात असे झोत किती येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात वरच्या अर्ध्या छपराचं सगळं पाणी त्या जोडावरून जात असतं, खोलगट पट्ट्यात पाण्याचा थर असतो, आणि वारा तो थर मागे रेटतो.

यावर काही जण म्हणतात की मग लॅप वाढवा. हिशोब केला तर तुमच्या उताराला त्या चांगल्या छपराएवढी दीड इंच उंची मिळवायला लॅप सोळा-सतरा इंच लागेल. तेवढा लॅप कोणी देत नाही आणि देऊही नये, कारण कमी उतारावर लांब लॅपमधे शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही, वाळत नाही, आणि तीनचार वर्षांत तिथे आतून पांढरी पावडर आणि मग गंज धरतो. म्हणून आम्ही जे पाळतो ते असं: १५ अंशाच्या वर ६ इंच लॅप बिनटेपचा चालतो, जागा फार उघड्यावर नसेल तर. त्याच्या खाली ६ ते ८ इंच लॅप आणि आत टेप. ५ अंशाच्या आसपास टेपशिवाय आडवा जोड करायचाच नाही, शक्य असेल तर आडवा जोडच करायचा नाही, एकसंध लांब पत्रा मागवायचा. २८ फुटाचा, म्हणजे साडेआठ मीटरचा पत्रा रोलिंगवाल्याकडून कापून मिळतो, अडचण असते ती गाडीची आणि गल्लीतल्या वळणाची. तुमच्याकडे बहुतेक गाडी वर येत नसेल म्हणून दोन तुकडे केले असतील. तसं असेल तर त्यात चूक नाही, टेप न टाकणं ही चूक.

आता सिलिकॉन दोनदा मारूनही का टिकलं नाही. वरच्या पत्र्याची लांबी साधारण पाच मीटर धरा. मे महिन्यात दुपारी पत्रा ६०-६५ अंशाला जातो, पावसाची सर आली की २५ वर येतो. ४० अंशाच्या फरकाला पाच मीटर पोलादी पत्रा जवळपास अडीच मिमी लांबी बदलतो. स्क्रू त्याला बऱ्यापैकी धरून ठेवतात, पण काठाला थोडी हालचाल होतेच, रोज. तुम्ही लॅपच्या काठावर बाहेरून जी सिलिकॉनची बारीक रेघ ओढता ती त्या हालचालीला रोज ताणली जाते आणि एका बाजूने सुटते. सुटल्यावर ती उलट त्रास देते, कारण आत शिरलेलं पाणी बाहेर यायची वाटही तीच अडवते. शिवाय हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना ॲसिड सोडतं आणि जस्ताच्या थराला खातं. पत्र्यावर ते वापरूच नये.

टेप म्हणतोय तो ब्यूटाइल टेप. राखाडी किंवा काळा, चिकणमातीसारखा मऊ, कागदावर गुंडाळून रोलमधे येतो. लॅपसाठी २० मिमी रुंद, ३ मिमी जाड घ्या, १ मिमीचा पातळ घेऊ नका, तो फट भरत नाही. हा टेप सुकत नाही, दोन पत्र्यांच्या मधे दाबलेला राहतो आणि पत्रा हलला तरी त्याच्याबरोबर सरकतो. वरून चिकटवायची चंदेरी ॲल्युमिनियमची पट्टी ही वेगळी वस्तू, ती उन्हात राहते आणि तात्पुरती आहे. या दोघांत लोकांची गल्लत होते.

टेपची जागा हा खरा मुद्दा आहे आणि इथेच निम्मी कामं चुकतात. आडव्या लॅपमधे दोन ओळी टाकायच्या. एक खालच्या पत्र्याच्या वरच्या काठापासून साधारण इंचभर खाली, दुसरी वरच्या पत्र्याचा खालचा काठ जिथे येणार त्याच्या अर्धा इंच आत. स्क्रू या दोन ओळींच्या मधे. एकच ओळ टाकायची वेळ आली तर ती स्क्रूच्या खालच्या बाजूला, पाणी जिकडून येतं तिकडे, आणि स्क्रूच्या इतकी जवळ की स्क्रू आवळल्यावर ती दाबली जाईल. मी पाहिलंय की पोरं टेप वर टाकतात आणि स्क्रू त्याच्या खाली मारतात. मग पाणी लॅपमधे चढतं, टेपपर्यंत पोचायच्या आधी त्याला स्क्रूचं भोक सापडतं आणि तिथूनच आत. टेप उत्तम, काम उत्तम, आणि गळती तशीच.

टेप रिबवरून, म्हणजे पत्र्याच्या उंच उभ्या घडीवरून, नेताना ताणायचा नाही. तो चढउताराला अंगाला लागून बसवायचा, कोपऱ्यात बोटाने दाबायचा. ताणला तर कोपऱ्यात पुलासारखा उचलला जातो आणि बरोबर त्याच्या खालून वाट राहते. एक मीटर झाकणाऱ्या पत्र्याला वळणावळणाने सव्वा मीटर टेप लागतो हे धरून माप काढा. तुमच्या ४० फुटाला एका ओळीला १५ मीटर, दोन ओळींना ३० मीटर, वाया जाणारा धरून ३३ आणा.

आणखी एक जागा आहे जिथे मी कायम टेपचा दोनतीन इंचाचा जादा तुकडा ठेवतो. उभा आणि आडवा लॅप जिथे एकमेकांना छेदतात तिथे चार पत्रे एकावर एक येतात. प्रत्येकी अर्धा मिमी म्हणजे दोन मिमीची थप्पी, आणि तिच्या शेजारी पत्रा लगेच खाली बसू शकत नाही, मधे त्रिकोणी पोकळी राहते. करंगळीचं नख आत जाईल एवढी. खालून बघाल तर तुमचे ठिबकण्याचे ठिपके बहुतेक दर मीटरला, याच जागांवर असतील. बघून सांगा.

आता उभ्या रेषांचं. त्या उभ्या लॅपच्या आहेत, त्याचं कारण वेगळं आणि ते काम कुठल्या टोकाकडून सुरू झालं यात असतं. तुमचा उतार पश्चिमेला म्हणजे उभ्या लॅपची उघडी धार एकतर उत्तरेला येते नाहीतर दक्षिणेला. पत्रे घालायला उत्तरेच्या टोकाकडून सुरुवात करून दक्षिणेकडे सरकत गेलं, तर प्रत्येक नवा पत्रा आधीच्याच्या रिबवर बसतो आणि त्याची धार उत्तरेला, म्हणजे वाऱ्याच्या उलट बाजूला येते. दक्षिणेकडून सुरू केलं तर सगळ्या धारा दक्षिणेला, नैर्ऋत्येच्या झडीसमोर. गच्चीवर जाऊन एका रिबवर दक्षिणेकडून उत्तरेकडे हात फिरवा. काठ बोटाला अडकला तर धार वाऱ्याकडे आहे. अडकला नाही तर दिशा बरोबर आहे आणि गळायचं कारण दुसरं.

राजापूरच्या बाजूला एका काजूच्या शेडवर आम्हाला हेच सापडलं होतं. मालकाने आधी तीनदा माणसं बोलावली होती, सगळे स्क्रू बदलून झाले होते, स्क्रूचे वॉशर नवे, तरी सालं सुकवायच्या ओट्यावर पाणी. मी गेलो तेव्हा पाऊस चालू होता पण वारा पडला होता आणि आत एक थेंब नाही. मालक म्हणाला बघा आता गळत नाही, तुम्ही आलात की गळत नाही. अर्ध्या तासाने वारा सुटला आणि पाच मिनिटांत रिबच्या आतल्या बाजूने पाण्याची ओळ उतरायला लागली. सरळ पावसात नाही आणि वाऱ्यात गळतं, याचा अर्थ माझ्यासाठी उभा लॅप. विचारलं तर कळलं काम नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून सुरू केलं होतं, कारण पत्र्याची गाडी त्या बाजूला उतरली होती. वर तपासलं तर त्यात एक भर, पत्रे फिरवून लावले होते. या पत्र्याच्या एका काठाला पूर्ण रिब असते, तिच्या बाजूला पाणी तोडणारी बारीक खाच असते, आणि तिला खाली टेकायला पायही असतो. हा काठ खाली राहायला हवा. तिथे तो वर आला होता, म्हणजे जी खाच पाणी थांबवायला दिलीय ती उघड्यावर, आणि खाली नुसता आखूड काठ हवेत लोंबतोय.

तिथे सगळं छप्पर उचलून पुन्हा घालणं मालकाला परवडणारं नव्हतं. आम्ही दिवाळीनंतर उभे लॅप एकेक करून उघडले, रिबच्या माथ्यावर टेपची एक सलग ओळ टाकली आणि दर दीड फुटाला एक स्टिचिंग स्क्रू, म्हणजे दोन पत्रे एकमेकांना धरणारा स्क्रू, मारला, टेप स्क्रूच्या वाऱ्याकडच्या बाजूला ठेवून. आधी तिथे स्टिचिंग स्क्रू नव्हतेच, पत्रे फक्त पर्लिनवर धरलेले, आणि दोन पर्लिनच्या मधे रिब एकमेकांपासून पेन्सिल जाईल इतक्या फाकलेल्या, कारण माणसं पन्हळ साफ करायला वरून चालत होती. पुढचा पावसाळा कोरडा गेला.

तुमच्याकडे पत्र्याचे काठ योग्य वर-खाली असतील तर उभ्या लॅपला एवढंच पुरेल. ४० फुटाला साधारण अकरा उभे जोड येतील, प्रत्येकी साडेआठ मीटर, म्हणजे ९५ मीटर टेप लागेल. सगळ्यांना एकदम करायचं नसेल तर जिथून गळतं तिथे आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या जोडांना आधी करा, पण ५ अंशाला माझं मत सगळ्यांनाच करा असंच आहे. टेप त्या खाचेत कोंबू नका, ती मोकळी राहू द्या.

खात्री करायची असेल तर पाइप घेऊन तपासता येतं. पाऊस नसताना एक माणूस आत टॉर्च घेऊन उभा करा आणि पाणी नेहमी खालून सुरू करा, वळचणीकडून. एका जागी दहा मिनिटं, मग तीन फूट वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे पसरतं आणि नक्की कुठून आलं ते कळत नाही. मधल्या लॅपला पोचलात की पाण्याची धार खालून वर, काठाच्या दिशेने मारा, वाऱ्यासारखी. पाऊस थांबल्यावरही तासभर ठिबकत राहत असेल तर लॅपमधे पाणी साठतंय. आणि पाऊस नसताना पहाटे थेंब दिसले तर ती गळती नाही, पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतंय, त्याला टेपचा उपयोग नाही.

आता तुम्ही काय करायचं. चालू पावसाळ्यात लॅप उघडू नका. ओल्या पत्र्यावर ब्यूटाइल चिकटत नाही आणि ओल्या पत्र्यावर माणूस चढवू नये. दोन दिवस उघडीप मिळाली तर मधल्या लॅपच्या काठावर जुनं सिलिकॉन खरवडून, पुसून, कोरडं करून चार इंची ब्यूटाइलची ॲल्युमिनियम पट्टी लावा. ही या मोसमापुरती सोय.

पक्कं काम नवरात्र-दिवाळीच्या सुमारास. मधल्या पर्लिनवरचे आणि त्याच्या वरच्या एका पर्लिनवरचे स्क्रू काढा म्हणजे वरचा पत्रा दोनतीन इंच उचलता येतो. एका वेळी तीन पत्र्यांपेक्षा जास्त मोकळे करू नका, वारा आला तर आवरत नाहीत. लाकडी पाचर घाला, उचलताना पत्रा मुडपू देऊ नका. आतलं सिलिकॉन एकूण एक काढा, प्लॅस्टिकच्या खरवडणीने, लोखंडी पात्याने नाही. सिलिकॉनच्या थरावर ब्यूटाइल धरत नाही, नुसता पडून राहतो, म्हणून यात आळस चालणार नाही. ड्रिलचा लोखंडी कीस लॅपमधे राहिला असेल तर झटकून काढा. सुक्या कापडाने पुसा. टेप घाला, त्याचा वरचा कागद तसाच ठेवा, पत्रा खाली आणताना शेवटी ओढून काढा. जोडाला दोन इंच एकावर एक घ्या.

जुनी भोकं ५.५ मिमी स्क्रूची असतील तर त्यात तेच स्क्रू परत लावू नका, ते फिरत राहतात, ६.३ मिमीचे घ्या. या लॅपच्या ओळीत मी स्क्रू खोलगट भागातून मारतो, प्रत्येक खोलगट पट्ट्यात, कारण टेप दाबला जायला खाली पर्लिनचा आधार लागतो. माथ्यावर मारला तर माथा दबतो आणि खोलगटातला टेप सैल राहतो. बाकी छपरावर माथा की खोलगट यावर वेगवेगळी मतं आहेत, तुमच्याकडे जसं आहे तसं राहू द्या. जुनी भोकं माथ्यावर असतील तर ती जाड स्क्रूने बंद करा, उघडी सोडू नका. आवळताना रबरी वॉशर पत्र्यावर बसून काठाला किंचित फुगला की थांबा. तो चेपून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यात तडकतो. टेप काठातून एखाद्या मिमीने बाहेर डोकावला तर समजा नीट दाबला गेलाय.

डांबरी शीटबद्दल फॅब्रिकेटरला एवढंच विचारा की रिबच्या दोन्ही अंगांना ती चिकटून राहील का. राहत नाही, उन्हाने कडा उचलतात, खाली पाणी अडकतं आणि पत्रा तिथून कुजतो. मग लॅप उघडून टेप टाकायचीही सोय राहत नाही, कारण डांबर निघत नाही.

रिबवर हात फिरवून धार कुठल्या बाजूला आहे ते आणि ठिपके दर मीटरला आहेत का ते बघून इथेच लिहा. लॅपच्या जागेचा खालून एक फोटो टाका, पर्लिन लॅपच्या बरोबर खाली आहे की पुढेमागे सरकलाय ते मला बघायचंय. तो सरकलेला असेल तर टेप दाबायला आधारच नाही, आणि मग आधी तिथे एक आडवा चॅनल वेल्ड करून घ्यावा लागेल.